पाळीची कळ की लघवीतला जंतू?

दिवाळीच्या आगेमागे राळेगावकडे कापसाची वेचणी सुरू झाली की बायकांचा सगळा दिवस वावरात जातो. धुऱ्यावर आडोसा नसतो, म्हणून पाणी बेतानंच प्यायचं आणि लघवी लागली तरी घरी पोचेपर्यंत धरून ठेवायची. त्यातच पाळी आली, लघवीला आग व्हायला लागली, ओटीपोट दुखायला लागलं, तर घरात दोन उत्तरं तयार असतात: उन्हाळी लागली, नाहीतर पाळीचं आहे. दोन्हींत थोडं थोडं खरं आहे, आणि घोळ तिथंच होतो.

“उन्हाळी लागली, थंड काही घेतलं की उतरेल”

पाणी कमी पडलं की लघवी घट्ट, गडद पिवळी होते आणि थोडी झोंबतेही. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक यांनी आराम पडतो तो त्यातल्या पाण्यामुळे. भरपूर पाणी पिऊन लघवी फिकी झाली की ही झोंब त्याच दिवशी थांबायला हवी. लघवी पाण्यासारखी स्वच्छ दिसते आणि आग मात्र तशीच आहे, तर कारण उष्णता नाही.

संसर्ग होतो तो बहुतेक वेळा ई. कोलाय नावाच्या जंतूमुळे. तो आपल्याच आतड्यात राहतो. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची, त्यामुळे गुदद्वाराजवळचा जंतू मूत्राशयात सहज चढतो. वांगं खाल्लं म्हणून किंवा ऊन लागलं म्हणून तो जन्माला येत नाही. पाण्याचं महत्त्व मात्र खरं आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या 140 स्त्रियांवरचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्या जणींनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, तर उरलेल्यांना 3.2 वेळा. म्हणजे पाण्यानं पुढचा संसर्ग टळू शकतो. झालेला संसर्ग नुसत्या पाण्यानं जाईलच असं नाही.

“पाळीत असं होतंच”

पाळीत काय होतं, हे आधी नीट पाहू. गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात, त्यांनी गर्भाशय आवळतो आणि कळा येतात. त्या अंगावर जायच्या थोड्या आधी किंवा सोबतच सुरू होतात, पहिल्या एक-दोन दिवसांत जोर धरतात आणि मग ओसरतात. कंबरेत, मांड्यांत उतरतात. कुणाला जुलाबही होतात. पाळीच्या सुमारास काही जणींना लघवीला जास्त वेळा जावं लागतं, पण तेव्हा लघवी बऱ्यापैकी होते आणि आग नसते.

संसर्गाची तऱ्हा वेगळी. लघवी घाईनं लागते, बसल्यावर चार थेंबच होतात, आत आग होते आणि उठल्यावर पुन्हा लागल्यासारखं वाटतं. दुखणं जघनाच्या हाडाच्या अगदी वर, मध्यभागी असतं.

आता एक बारकावा. आग आत होते की बाहेर? ओल्या पॅडनं किंवा कापडानं जांघेची आणि योनीमुखाची कातडी सोलवटते, तिथं लघवी लागली की झोंबतं. ही आग बाहेरची. तिच्यासोबत खाज किंवा अंगावरून पांढरं जाणं असेल, तर दोष बहुधा योनीमार्गाचा असतो, मूत्राशयाचा नव्हे. उलट आग आहे, वारंवार लागते आहे, पण खाज नाही, पांढरं नाही, असं असेल तर संसर्गाची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर जाते. हे प्रश्न दवाखान्यात विचारले जात नसतील तर बाईनं आपणहून सांगावं.

पण ते सांगणं सोपं नाही. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली होती. ती 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. 92 टक्के जणींना स्त्रीरोग किंवा जननमार्गाचा काही ना काही आजार होता, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के.

“पाळी आहे, आता लघवी तपासून उपयोग नाही”

हा समज बायकांचाच नाही, काही लॅबवाल्यांचाही आहे. समजा, तिशीतली एक बाई पाळीच्या चौथ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात आली. पहिल्या दिवशीच्या कळा नेहमीसारख्याच होत्या. दुसऱ्या रात्री ती लघवीला चार-पाचदा उठली. आता अंगावर जाणं कमी झालंय, तरी ओटीपोटातला दाब वाढतोच आहे. कळ पाळीसोबत ओसरली नाही, हीच पहिली खूण.

नमुना देताना तिनं जागा साध्या पाण्यानं धुवावी, योनीत स्वच्छ कापसाचा बोळा ठेवावा, पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यावी आणि बोळा लगेच काढून टाकावा. बाटली दोन तासांच्या आत लॅबला पोचायला हवी, आणि पाळी चालू असल्याचं चिठ्ठीवर लिहायला हवं. पट्टीवर रक्त, प्रोटीन, पांढऱ्या पेशी दिसल्या तर त्या पाळीच्या रक्तातूनही आलेल्या असू शकतात. त्यावर निदान ठोकू नये. नायट्राइट मात्र पाळीच्या रक्तातून येत नाही, ते जंतू तयार करतात. इथं ते सकारात्मक आलं, तर तिच्या लक्षणांसह संसर्ग जवळजवळ नक्की. नकारात्मक आलं तरी तो नाकारता येत नाही: जंतूंना ते तयार करायला लघवी सुमारे चार तास मूत्राशयात असावी लागते, आणि तिला तर दर अर्ध्या तासाला जावं लागतंय. मग कल्चर. त्याला एक-दोन दिवस लागतात. अहवालात एकाच जंतूची भरपूर वाढ असेल तर तो संसर्ग. तीन-चार प्रकारचे जंतू मिसळून आले तर बाटलीत बाहेरची घाण गेली, नमुना पुन्हा द्यायचा.

“मेडिकलमधून दोन-तीन गोळ्या आणल्या की झालं”

आग थांबवणारं गोड सिरप लघवीचा आंबटपणा कमी करतं, जंतू मारत नाही. नॉरफ्लॉक्सासिनसारख्या जुन्या गोळ्यांना आपल्याकडचे बरेच ई. कोलाय आता दाद देत नाहीत. साध्या संसर्गाला डॉक्टर सहसा नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस देतात किंवा फॉस्फोमायसिनची एकच पुडी. कल्चर करायचं असेल तर नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्यावा, नाहीतर अहवाल कोरा येऊ शकतो.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणं किंवा उलट्या असतील तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाळी चुकलेली असेल तर आधी गरोदरपणाची तपासणी. त्यात एका बाजूला जोराचं दुखत असेल तर गर्भ नळीत राहिल्याची शंका येते, तिथं तास दोन तासही महत्त्वाचे.

राहिला तो दर महिन्याचा त्रास. दर पाळीला आग, आणि दर वेळी कल्चर कोरं, तर गोळ्यांचे कोर्स थांबवावेत. गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक मूत्राशयावर रुजलेलं असू शकतं. त्याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. लघवी भरली की दुखणं वाढतं आणि झाली की थांबतं, असं असेल तर मूत्राशयाचाच दीर्घ दुखण्याचा विकार असू शकतो. पांढऱ्या पेशी पुन्हा पुन्हा सापडतात पण जंतू वाढत नाही, तर आपल्या देशात क्षयरोगही तपासावा लागतो. यासाठी दोन-तीन पाळ्यांच्या तारखा आणि त्रासाचे दिवस घरातल्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवावेत, एक कल्चर पाळी नसतानाच्या दिवसांत करावं, आणि दोन्ही घेऊन यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या किंवा सेवाग्रामच्या स्त्रीरोग विभागात जावं.