मदतीच्या आवाहनातील आकडा आणि अक्षर

घरातील एखाद्या माणसाच्या उपचारासाठी समाजापुढे मदतीचे आवाहन ठेवण्याची वेळ येते, तेव्हा मजकूर बहुधा रुग्णालयाच्या बाकावर, अर्ध्या रात्री लिहिला जातो. तो एकदा समाजाच्या गटांत गेला की इतवारीतून पुण्याला आणि पुण्याहून परदेशी पोहोचतो, आणि त्यातील चूक मग परत बोलावता येत नाही. म्हणून पाठविण्यापूर्वी तो कुटुंबातीलच, पण त्या रात्री जागरण न झालेल्या एखाद्या व्यक्तीने, कागदपत्रे शेजारी ठेवून वाचावा.

नागपुरातील एका कुटुंबाचे उदाहरण कल्पून पाहू. काकांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, डायलिसिस सुरू आहे आणि काकू मूत्रपिंड देणार आहेत. पुतण्याने लिहिलेला पहिला मसुदा असा : ‘काकांना वाचविण्यासाठी किडनी मिळवायला तातडीने २० लाख रुपये हवेत. तुम्ही मदत केली नाही तर ते उद्या नसतील.’

प्रथम आकडा तपासावा. रुग्णालयाने सहीशिक्क्यासह दिलेल्या अंदाजपत्रकात दात्याचा व रुग्णाचा खर्च आणि पहिल्या वर्षाची औषधे धरून १४,४०,००० रुपये आहेत. मग वीस लाख आले कोठून? आजवर डायलिसिसवर झालेले ३,१०,००० त्यात मिळविले गेले आणि बेरीज वरच्या गोल आकड्याकडे ओढली गेली. झालेला खर्च घरच्या बचतीतून भागला असेल, तर तो मागणीत येत नाही. कर्ज काढून भागविला असेल, तर तो वेगळ्या ओळीत, कर्ज म्हणूनच लिहावा. येथे तो बचतीतून भागला आहे. विम्याची ५,००,००० रुपयांची मंजुरी लेखी हाती आहे आणि नातेवाइकांनी १,६०,००० दिले आहेत. म्हणजे खरी गरज ७,८०,००० रुपयांची. मंजुरी नुसती तोंडी असती, तर ती रक्कम वजा न करता ‘विम्याचा निर्णय बाकी आहे’ एवढेच लिहिणे योग्य ठरले असते.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. ‘किडनी मिळवायला रुपये’ हे शब्द निष्काळजीपणे पडलेले असले, तरी त्यांचा अर्थ अवयवाची खरेदी असा होतो, आणि १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार ती गुन्हा आहे. पैसा शस्त्रक्रियेसाठी व औषधांसाठी आहे, अवयव पत्नी स्वेच्छेने देत आहे, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. रुग्ण मरणोत्तर दात्याच्या प्रतीक्षायादीत असेल, तर शस्त्रक्रियेचा महिना मुळीच लिहू नये. यादी नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे असते आणि तिचा क्रम कुटुंबाच्या हाती नसतो.

खाते क्रमांक मसुद्यातून नव्हे, पासबुकावरून एकाने मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने पडताळावा. आयएफएससी संकेतात अकरा चिन्हे असतात. पहिली चार अक्षरे, आणि पाचवे नेहमी शून्य. तेथे ‘ओ’ हे अक्षर टंकले जाणे ही सर्वांत सामान्य चूक. शक्य असल्यास रुग्णालयाचे खाते व रुग्णाचा नोंदणी क्रमांक द्यावा. आणि ‘करसवलत मिळेल’ हे वाक्य व्यक्तीच्या खात्यासाठी मागितलेल्या मदतीत लिहिताच येत नाही, कारण ती सवलत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते.

रक्कम मधेच बदलते, तेव्हा आवाहनही बदलावे लागते. २०२१ मध्ये मुंबईतील एका तान्ह्या मुलीच्या दुर्मीळ स्नायुविकारावरील परदेशी औषधासाठी लोकवर्गणीतून सुमारे १६ कोटी रुपये उभे राहिले. त्यावर आयातशुल्क व वस्तू-सेवा कर मिळून आणखी सुमारे ६ कोटींचा बोजा होता. नागपूरचे देवेंद्र फडणवीस यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि फेब्रुवारीत केंद्राने तो कर माफ केला. अशा वेळी २२ कोटींचा जुना मजकूर फिरत राहिला, तर तो लबाडी नसूनही लबाडीसारखा दिसतो. म्हणून प्रत्येक आवाहनावर ‘या तारखेपर्यंतची स्थिती’ अशी ओळ हवी.

उरला सूर. ‘तुम्ही मदत केली नाही तर’ या वाक्यात वाचकावर दोष ठेवला आहे आणि काकांना दयेचा विषय केले आहे. नळ्या लावलेले छायाचित्रही तेच करते. काका शुद्धीवर आहेत, तेव्हा मजकूर व छायाचित्र त्यांना दाखवून त्यांची संमती घेणे हा शिष्टाचार नव्हे, त्यांचा हक्क आहे. आजाराचा किती तपशील चारचौघांत जावा, हे त्यांनीच ठरवावे. आधार क्रमांक व घरचा पत्ता तर झाकूनच टाकावा.

सुधारलेला मजकूर लहानच झाला : ‘आमच्या काकांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण ठरले असून दात्या काकू आहेत. रुग्णालयाचा अंदाज १४,४०,००० (चौदा लाख चाळीस हजार) रुपये आहे. विमा व आप्तांची मदत वजा जाता ७,८०,००० (सात लाख ऐंशी हजार) रुपये कमी पडतात. अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी थेट रुग्णालयाच्या खात्यात रक्कम भरावी. रक्कम पूर्ण होताच तसे कळवू आणि हे आवाहन मागे घेऊ.’