कोयनेच्या तळाशी काय हलतं?

पाटण, कराड किंवा शिराळ्याकडे भूकंपावर व्याख्यान ठेवलं की तज्ज्ञांचे प्रश्न येत नाहीत, घरातले येतात. रात्री भांडी का वाजली? धरण भरलं म्हणून जमीन हलते का? आणि तसं असेल, तर 1967 चा मोठा धक्का भर पावसाळ्यात न येता 11 डिसेंबरच्या पहाटे का आला? चांगल्या व्याख्यानाची सुरुवात इथूनच व्हावी, कारण या तिसऱ्या प्रश्नातच उत्तराची वाट आहे.

पाण्याच्या वजनाने जमीन दबते, हे पहिलं सुचणारं उत्तर. ते फळ्यावर मोजून पाहावं. दहा मीटर पाणी म्हणजे साधारण एक वातावरणाचा दाब. कोयनेचं धरण 103 मीटर उंच, म्हणजे जलाशयाचा दाब फार तर दहा वातावरणं. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब तेराशेच्या आसपास असतो. एक टक्काही भर पडत नाही. एवढ्याने 6.3 तीव्रतेचा भूकंप घडत नाही. तो ताण खडकात आधीच साठलेला असला पाहिजे.

मग पाणी काय करतं? ते भेगा निसरड्या करतं, असं बरेचदा सांगितलं जातं. मला ते पटत नाही. खरं काम दाबाचं आहे. भेगांमधल्या पाण्याचा दाब वाढला की समोरासमोर घट्ट दाबून बसलेल्या खडकांची पकड सैल होते, आणि तुटायच्या बेतात असलेला भाग सरकतो. हा दाब खडकातून हळूहळू खाली उतरतो, म्हणून जलाशय भरणं आणि धक्का यांत आठवड्यांचं, कधी महिन्यांचं अंतर पडतं. डिसेंबर इथे समजतो.

हे निव्वळ तर्क नव्हे, याची साक्ष सांगलीच्या बाजूने मिळाली. वारणेवरच्या चांदोली धरणात 1985 पासून पाणी साठू लागलं. पुढे भूकंपांचा पट्टा कोयनेकडून दक्षिणेला वारणेकडे सरकला, आणि 1993 मध्ये तिथे पाच तीव्रतेच्या आसपासचे धक्के बसले. निसर्गानेच प्रयोग दुसऱ्यांदा करून दाखवला. तरीही हे धक्के साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या टापूतच राहतात. सातारा-सांगली शहरांना हादरा जाणवतो, पण त्याचं उगमस्थान तिथे नसतं.

ताण कुठे साठतो हे जवळून बघण्यासाठी कराडजवळच्या हजारमाची इथे भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली, आणि गोठणे इथे 2017 मध्ये तीन किलोमीटर खोल प्रायोगिक छिद्र पूर्ण झालं. सुमारे सव्वा किलोमीटर काळा पत्थर संपला की मधे गाळाचा थर नाही, थेट जुना ग्रॅनाइटसारखा खडक. धक्क्यांचं बरंचसं उगमस्थान त्याहून खोल आहे, त्यामुळे पुढचा धक्का कोणत्या दिवशी बसेल, हे या छिद्रावरूनही सांगता येत नाही.