पॅनेल तेच, वीज जास्त, पण केव्हा?

घरावर किंवा शेतातल्या खोलीवर सोलर बसवताना पॅनेल आणि बॅटरीची चौकशी चार दुकानांत होते. दोघांच्या मधे बसणारा चार्ज कंट्रोलर मात्र दुकानदार देईल तो घेतला जातो. तो दोन प्रकारचा मिळतो: स्वस्तातला पीडब्ल्यूएम आणि त्याच्या कित्येक पट महाग एमपीपीटी. ‘एमपीपीटी घ्या, तीस टक्के वीज जास्त मिळेल,’ असं सांगितलं जातं. हा आकडा कधी खरा ठरतो, कधी शून्यावर येतो, तर कधी दुपटीच्याही पुढे जातो. पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा किती वर आहे, यावर सारं अवलंबून आहे.

पीडब्ल्यूएम म्हणजे एक वेगवान स्विच. तो पॅनेल थेट बॅटरीला जोडतो आणि बॅटरी भरत आली की सेकंदाला अनेकदा उघडझाप करून करंट कमी करतो. थेट जोडल्यामुळे पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर खाली येतं. वरचे व्होल्ट वापरलेच जात नाहीत.

एमपीपीटी पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो. मग आतल्या कॉइलच्या मदतीने व्होल्टेज उतरवून त्या बदल्यात करंट वाढवतो. सर्वांत जास्त वॅट देणारं व्होल्टेज ऊन आणि तापमानानुसार सरकत राहतं. म्हणून हा कंट्रोलर व्होल्टेज थोडं हलवून पाहतो. वॅट वाढले तर त्याच दिशेने जातो, घटले तर मागे फिरतो. या रूपांतरात सुमारे पाच टक्के वीज उष्णतेत जाते.

आता बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी बनवलेलं 100 वॅटचं पॅनेल घेऊ. त्यावर साधारण 18 व्होल्ट आणि 5.5 अँपिअर लिहिलेलं असतं. स्वच्छ ऊन आहे, पॅनेल थंड आहे आणि बॅटरी उतरून 12.5 व्होल्टवर आली आहे. पीडब्ल्यूएममधून सुमारे 70 वॅट बॅटरीत जातील, तर एमपीपीटीमधून 94. तीस टक्क्यांचा दावा इथे खरा ठरतो.

तेच पॅनेल मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर दुपारी पाहा. काचेखालचे सेल सत्तर अंशांपर्यंत तापतात. 25 अंशांच्या वर दर अंशाला व्होल्टेज सुमारे 0.4 टक्के घटतं, त्यामुळे 18 चे पंधराच्याही खाली येतात. बॅटरी एव्हाना भरत येऊन 13.8 व्होल्टवर गेलेली असते. हिशेब केला तर दोन्ही कंट्रोलर सुमारे 77 वॅटच देतात. एमपीपीटीला उचलायला वरचे व्होल्टच उरलेले नसतात.

खरं नुकसान होतं ते मोठ्या पॅनेलच्या बाबतीत. 72 सेलचं 330 वॅटचं पॅनेल दर वॅटमागे स्वस्त पडतं, म्हणून अनेकजण तेच आणून बारा व्होल्टच्या एका बॅटरीवर पीडब्ल्यूएमने जोडतात. हे पॅनेल साधारण 37.5 व्होल्ट आणि 8.8 अँपिअरचं असतं. बॅटरी 13 व्होल्टवर असताना तिच्यात नऊच्या आसपास अँपिअर, म्हणजे जेमतेम 117 वॅट पोचतात. एमपीपीटी असेल तर त्याच तापलेल्या पॅनेलमधून जवळपास वीस अँपिअर, म्हणजे अडीचशेहून जास्त वॅट मिळतात. मालक मात्र बॅटरी खराब निघाली म्हणून ती बदलायला निघतो!

एमपीपीटी घेतानाही दोन गोष्टी बघा. त्याच्यावर लिहिलेली कमाल व्होल्टेजची मर्यादा कधीही ओलांडू नका. अशी दोन पॅनेल सिरीजमध्ये जोडली तर भार नसताना सुमारे 92 व्होल्ट येतात, आणि निफाडसारख्या ठिकाणी कडाक्याच्या थंडीतल्या सकाळी हा आकडा आणखी वाढतो. शंभर व्होल्टचा कंट्रोलर तेव्हा काठावर असतो, म्हणून 150 चा घ्यावा.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. डब्यावर एमपीपीटी छापलेले, आत मात्र साधा पीडब्ल्यूएम असलेले कंट्रोलर बाजारात सर्रास विकले जातात. वजनाला ते फार हलके लागतात, कारण आत कॉइलच नसते. खात्री करायला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर पुरतो. चांगल्या उन्हात, बॅटरी उतरलेली असताना, आधी पॅनेलकडून येणाऱ्या वायरचा करंट मोजा, मग बॅटरीकडे जाणाऱ्या वायरचा. मोठ्या पॅनेलवर दोन्ही आकडे सारखेच आले तर तो एमपीपीटी नाही. बॅटरीकडचा आकडा ठळकपणे जास्त आला तर तो खरा.

थोडक्यात, बारा व्होल्टचं लहान पॅनेल आणि बारा व्होल्टचीच बॅटरी असेल, तर पीडब्ल्यूएम घ्या आणि वाचलेल्या पैशांत आणखी एक पॅनेल बसवा. पॅनेल 60 किंवा 72 सेलचं आणि बॅटरी बारा व्होल्टची असेल, तर एमपीपीटीशिवाय जोडूच नका.