फरकाचे निम्मे करून पाहा

समजा, महिन्याची विक्री ५,००,००० रुपये आणि परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट २०,००० रुपयांची. विक्री नोंदवही ४,८०,००० दाखवते, पण जीएसटी विवरणाचा गोषवारा ५,२०,००० दाखवतो. फरक ४०,००० रुपयांचा, म्हणजे क्रेडिट नोटेच्या नेमका दुप्पट. नोट वजा होण्याऐवजी मिळवली गेल्याची हीच खूण. ती नुसती राहून गेली असती, तर फरक २०,००० चाच आला असता.

जीएसटीआर-१ मध्ये क्रेडिट नोटेची रक्कम उणे चिन्हाशिवाय लिहितात. वजाबाकी ठरते नोटेच्या प्रकारावरून. तिथे ‘क्रेडिट’ऐवजी ‘डेबिट’ निवडले गेले, की बेरीज होते. १८ टक्के दराने ७,२०० रुपये जादा कर दिसतो. म्हणून विवरण भरण्यापूर्वी प्रत्येक नोटेचा प्रकार तपासा.