जारच्या पाण्याचा धंदा : आधी बोअरचा कागद, मग मशीन

फैजपूरच्या आसपास पाण्याचा प्लांट टाकायचा म्हटले की पहिली चौकशी मशीनची होते. ताशी हजार लिटरचे आरओ केवढ्याला, स्टीलची टाकी कोणती, जार कुठून आणायचे. खरी सुरुवात मात्र जमिनीखालून करावी लागते. यावल-रावेर हा केळीचा पट्टा. बोअर वर्षानुवर्षे खोल जात आहेत आणि भूजलाच्या अतिउपशाबद्दल हे तालुके सरकारी पाहणीत पुन्हा पुन्हा पुढे आले आहेत. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अतिउपसा झालेल्या क्षेत्रात नव्या पॅकबंद पाणी उद्योगाला भूजलाचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळत नाही, तो लघुउद्योग असला तरीही. त्याच सूचनांत दिवसाला दहा घनमीटरपेक्षा, म्हणजे दहा हजार लिटरपेक्षा कमी पाणी उपसणाऱ्या सूक्ष्म व लघुउद्योगांना प्रमाणपत्रातून सूट आहे. तालुक्यांचे वर्गीकरण प्रत्येक मूल्यांकनात बदलू शकते. म्हणून आपला गट नंबर आज कोणत्या वर्गात आहे आणि आपल्याला यातला कोणता नियम लागू होतो, हे मशीनचा ॲडव्हान्स देण्याआधी लेखी घ्यावे. बोअरचा रस्ता बंद निघाला तर नगरपरिषदेकडून व्यापारी नळजोडणी मिळते का, हा दुसरा मार्ग तपासावा.

आता आकडे मांडून पाहू. रोज दोनशे जार विकायचे, तर वीस लिटरप्रमाणे चार हजार लिटर पाणी लागेल. जार शेवटचा विसळायला प्रत्येकी साडेतीन लिटर धरले तर आणखी सातशे. समजा बोअरच्या पाण्याचा टीडीएस 900 आहे, कॅल्शियम लिटरला 100 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम 60 आणि नायट्रेट 80. केळीला युरिया भरपूर पडतो, त्यामुळे नायट्रेटचा आकडा या भागात आधी पाहावा. मानकाची मर्यादा 45 आहे. हे पाणी वाळूच्या फिल्टरमधून गाळ सोडते, सक्रिय कोळशाच्या फिल्टरमध्ये वास आणि क्लोरीन सोडते. पुढे क्षार साचू नयेत म्हणून अँटिस्केलंटचा डोस आणि पाच मायक्रॉनचे काडतूस, मग उच्चदाबाचा पंप आणि आरओचे मेम्ब्रेन. कोळसा संपला की क्लोरीन पुढे सरकते आणि मेम्ब्रेन कायमचे खराब करते. म्हणून ज्याच्याकडे क्लोरीन टाकलेले नळाचे पाणी आहे, त्याने कोळशावर जास्त लक्ष ठेवावे.

मेम्ब्रेनमधून बाहेर पडते ते जवळजवळ क्षारहीन पाणी, टीडीएस चाळीसच्या आसपास. पुष्कळ प्लांटवाले मीटरवरचा हाच आकडा गिऱ्हाइकाला अभिमानाने दाखवतात. पण अन्नसुरक्षा नियमांत पॅकबंद पाण्यात कॅल्शियम किमान 20 आणि मॅग्नेशियम किमान 10 मिलिग्रॅम ठेवायला सांगितले आहे. शिवाय टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. नाल्याशेजारच्या विहिरीचे गढूळ पाणीही कमी टीडीएस दाखवू शकते. वरच्या उदाहरणात आरओच्या चार भाग पाण्यात गाळलेल्या कच्च्या पाण्याचा एक भाग मिसळला तर कॅल्शियम सुमारे 22, मॅग्नेशियम 13, टीडीएस 210 येतो आणि नायट्रेट 25 च्या आत राहते. मिसळलेले सगळे पाणी त्यानंतर यूव्ही आणि ओझोनमधून गेलेच पाहिजे. कच्चे पाणी मेम्ब्रेन टाळून आले आहे, त्यामुळे त्यातले जंतू मारण्याची जबाबदारी या दोन पायऱ्यांवरच आहे. नायट्रेट फार जास्त असेल तर मिसळण्याऐवजी क्षारांचा डोस द्यावा.

मेम्ब्रेनमध्ये गेलेल्या पाण्यातले 55 टक्के शुद्ध होऊन येते असे धरले तर बोअरमधून रोज पावणेआठ हजार लिटर उपसावे लागेल. म्हणजे दहा हजारांच्या आत, पण फार आत नाही. उन्हाळ्यात आणि लग्नसराईत तीनशे जारांची मागणी आली की हिशेब साडेअकरा हजारांवर जातो आणि सुटीची मर्यादा ओलांडते. उरलेले रोजचे तीन हजार लिटर पाणी, ज्याला सगळे रिजेक्ट म्हणतात, त्याचा टीडीएस दोन हजारांच्या जवळ असतो. केळी क्षार सहन करत नाही, म्हणून ते बागेत सोडू नये. त्याच बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यातही नको, कारण तो क्षार पुन्हा आपल्याच मेम्ब्रेनवर येईल. गाडी, फरशी, शौचालय, जारची बाहेरून पहिली धुलाई यांसाठी टाकी वेगळी ठेवावी.

तपासणीत लोक कुठे फसतात ते पाहा. ई-कोलाय, कोलिफॉर्म, स्युडोमोनास हे 250 मिलिलिटर पाण्यात एकही चालत नाहीत. पण जंतू वाढवून पाहायला एक ते तीन दिवस लागतात, आणि जार तर दुसऱ्या दिवशीच रिकामा होऊन परत येतो. अहवाल येतो तेव्हा पाणी पिऊन झालेले असते. म्हणून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल लागतोच, तरी रोजची वही त्याहून महत्त्वाची आहे. कच्च्या आणि शुद्ध पाण्याचा टीडीएस, काडतुसाच्या दोन्ही बाजूंचा दाब, भरताना उरलेला ओझोन, हे लिहीत जावे. दाबातला फरक वाढत गेला तर काडतूस तुंबले आहे. शुद्ध पाण्याचा टीडीएस हळूहळू चढला तर मेम्ब्रेन थकले आहे, आणि एकदम चढला तर बहुधा कुठले तरी सील फुटले आहे. स्युडोमोनास पाइपच्या आतल्या चिकट थरात राहतो. टाकी स्वच्छ आणि अहवाल वाईट असे झाले की नळी आणि भरणीची तोटी उघडून पाहावी.

सर्वांत मोठा धोका मात्र परत आलेल्या जारात असतो. केळीच्या बागेत मजुरांसाठी गेलेल्या जारात कधी फवारणीचे औषध कालवले जाते, कधी रॉकेल किंवा डिझेल ठेवले जाते. प्लास्टिक हा वास शोषून घेते आणि कितीही धुतले तरी तो जात नाही. म्हणून धुण्याआधी प्रत्येक जारचे तोंड उघडून वास घ्यायला एक माणूस नेमावा, आणि शंका आली तर जार फोडून भंगारात टाकावा. ही चैन परवडण्यासाठी अनामत रक्कम घेणे आणि रोजच्या विक्रीच्या तिप्पट, म्हणजे सहाशे जार बाळगणे भाग आहे.

भरलेला जार एकवीस किलोच्या आसपास भरतो. छोटा हत्ती साडेसातशे किलो वाहतो, म्हणजे एका खेपेत पस्तीस जार. दोनशेला सहा खेपा. फैजपुरात प्रांत कार्यालय, महाविद्यालये आणि दवाखाने असल्याने गावातच दोन-तीन खेपा निघतात. उरलेल्या न्हावी, आमोदा आणि सावद्याकडे. यावल आणि भुसावळ सुरुवातीला सोडून द्यावे, कारण रिकामे जार परत आणायला तिथे पुन्हा तेवढाच डिझेलचा खर्च येतो. एप्रिल-मेमध्ये खेपा सकाळी दहाच्या आत संपवाव्यात. उन्हात ओझोन लवकर विरतो आणि जारात जंतू वाढायला वाव मिळतो.

कागदपत्रांत 17 ऑक्टोबर 2024 च्या अधिसूचनेने बीआयएसचे सक्तीचे प्रमाणपत्र गेले, आणि पुष्कळांना वाटले की धंदा सोपा झाला. पण 29 नोव्हेंबर 2024 च्या आदेशाने पॅकबंद पाणी अतिजोखमीच्या अन्नात गेले. त्यामुळे परवान्याआधी तपासणी, दरवर्षी पाहणी आणि त्रयस्थ संस्थेचे लेखापरीक्षण आले. अन्नसुरक्षा परवाना, वजनमापे खात्याची पॅकर नोंदणी, प्रदूषण मंडळाची संमती, उद्यम नोंदणी आणि महावितरणची जोडणी हे सगळे एकाच पत्त्यावर आणि एकाच नावाने असावे. नाव किंवा गट नंबरातला छोटा फरकही अर्ज अडकवतो.

घेणाऱ्यांनी एवढे करावे. जारवर सील, बॅच क्रमांक, तारीख आणि चौदा अंकी परवाना क्रमांक पाहावा, आणि तो क्रमांक FoSCoS संकेतस्थळावर टाकून चालू आहे का ते तपासावे. सील नसलेला थंड जार दारात आला तर तो पॅकबंद पाणी नाही, असे समजूनच घ्यावा किंवा नाकारावा.