सोयाबीनची ३५ लक्षणे आणि सापळ्यातले पतंग

यंत्राला शहाणपण नियमांनी द्यायचे की उदाहरणांनी, या जुन्या वादाचा निकाल लागला असे हल्ली ठामपणे सांगितले जाते. नियम हरले, शिकणारी यंत्रे जिंकली. मला हे कधीच पटले नाही. परभणीसारख्या सोयाबीन-कापसाच्या जिल्ह्यात तर ते मुळीच पटू नये, कारण या वादातला सर्वांत बोलका प्रयोग सोयाबीनवरच झाला.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मिखाल्स्की आणि चिलाऊस्की यांनी १९८० साली तो प्रसिद्ध केला. सोयाबीनचे १५ रोग ओळखायचे होते. एकीकडे रोगतज्ज्ञाला विचारून विचारून नियम लिहून घेतले. दुसरीकडे २९० रोगट झाडांच्या नोंदी यंत्राला दिल्या आणि नियम त्यालाच काढायला लावले. मग ३४० नव्या झाडांवर दोन्हींची परीक्षा घेतली. तज्ज्ञाचे नियम सुमारे ७२ टक्के वेळा बरोबर आले, यंत्राने काढलेले सुमारे ९८ टक्के.

विजयाच्या गोष्टी सांगणारे इथे थांबतात. पण यंत्राने काढले ते काय होते? नियमच होते, माणसाला वाचता येणारे. पाने ठीक, खोड बिघडलेले, जमिनीखाली खोडावर तपकिरी व्रण, तर रायझोक्टोनिया मूळकूज, असे. शिवाय प्रत्येक झाडाची नोंद ३५ लक्षणांत केली होती: महिना कोणता, पाऊस किती, ठिपके कसे, शेंगा कशा. रोग ओळखायला नेमके काय पाहायचे, हे शहाणपण त्या यादीत आधीच भरलेले होते. तज्ज्ञाला पाहायचे काय ते सांगता येते. त्यातल्या कशाला किती वजन द्यायचे ते सांगताना तो अडखळतो. त्या प्रयोगातून मी घेतलेला धडा हा, आणि मी तो आजवर सोडलेला नाही.

मधली वर्षे भराभर ओलांडू. १९८६ पासून आपल्याकडेही ज्ञानाधारित प्रणालींचा राष्ट्रीय प्रकल्प चालला, मुंबईची एनसीएसटी त्यातले एक केंद्र होती. नियमांची पोथी वाढत गेली, तिची निगा राखणे जड झाले, पैसा आटला. २०१२ नंतर चित्रे ओळखणाऱ्या खोल जाळ्यांनी मैदान घेतले.

त्या जाळ्यांचे पिकांवरचे गाजलेले उदाहरण २०१६ चे. १४ पिकांच्या पानांची ५४ हजारांवर छायाचित्रे आणि ९९ टक्क्यांवर अचूकता. तीच प्रणाली वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या छायाचित्रांवर ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली, हे त्याच लेखात लिहिले आहे. उद्धृत मात्र पहिला आकडा होतो. त्या संग्रहात कपाशी नव्हती आणि सोयाबीनची पाने होती ती फक्त निरोगी.

कपाशी असती तरी गुलाबी बोंडअळीपुढे पानाचे छायाचित्र काय करणार? अळी बोंडात शिरते आणि तिचे छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार. २०१७ साली राज्यभर कापूस गेला तो असाच. म्हणून शेतात डोमकळ्या पाहतात, वीस हिरवी बोंडे तोडून फोडतात आणि कामगंध सापळ्यातले नर पतंग मोजतात. आर्थिक नुकसानीची पातळी ठरलेली आहे: सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग, किंवा दहा टक्के फुले वा बोंडे किडलेली, म्हणजे विसात दोन.

मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेने कपाशीसाठी केलेल्या ॲपची मांडणी म्हणूनच मला मोलाची वाटते. सापळ्यातल्या पतंगांचे छायाचित्र घ्यायचे. पतंग ओळखून मोजायचे काम शिकलेले जाळे करते, आणि फवारणीचा सल्ला ठरलेल्या पातळीच्या नियमाने निघतो. डोळा शिकलेला, निर्णय लिहिलेला. जाळ्यांना सुचवायला आणि नियमांना निष्कर्ष काढायला लावून भूमितीची ऑलिंपियाडची गणिते सोडवणारी २०२४ ची अल्फाजॉमेट्री याच वाटेवरची.

हा जोड कुठे तुटतो तेही पाहा. समजा तीन रात्रींचे आकडे आले ९, ३, ११. मधल्या रात्री पाऊस होता. नियम अक्षरशः लावला तर पातळी ओलांडलेली नाही. किंवा आकडे आले ८, ७, ८. पतंग एकमेकांवर पडलेले, पंखांवरचे खवले झडलेले, आणि जाळ्याचा एक पतंग चुकला. तिनाचे चार झाले तर काही बिघडत नाही, आठाचे सात झाले तर सल्ला उलटतो. तिसरी गत सर्वांत वाईट: ल्यूर बदलून महिना झाला, गंध संपला, सापळा रिकामा. जाळे शून्य बरोबर मोजते, आणि ते शून्य खोटे असते.

तिन्हींवर उपाय नियमांचाच आहे. पावसाची रात्र मोजणीत धरू नका; आकडा सीमेवर असेल तर माणसाला बोंडे फोडायला पाठवा; ल्यूर तीन आठवड्यांहून जुनी असेल तर शून्याला शून्य मानू नका. हे जाळ्याला शिकवायचे तर हजारो छायाचित्रे लागतील, आणि ल्यूरची तारीख छायाचित्रात दिसतच नाही.

असे नियम लिहिणारी माणसे मात्र कमी होत चालली, याचे मला दुःख आहे. पूर्वी पेरणीची तारीख, वाण, रान, पाऊस अशा नोंदी वहीत असत. आता छायाचित्र चढवले की काम झाले, असे मानणारे वाढले. जिंतूरकडच्या हलक्या रानातली कोरडवाहू कपाशी आणि पाथरीकडच्या काळ्या रानातली ओलिताची कपाशी यांना आठ पतंगांचा एकच आकडा लावायचा का, हे तालुक्यांच्या नोंदी शेजारी ठेवून ठरवायला हवे. छायाचित्राबरोबर ल्यूरची तारीख, पेरणीचा आठवडा आणि रानाचा प्रकार एवढे तीन रकाने याच हंगामापासून भरायला लागले, तरी ते काम सुरू होईल.