सात खेळाडू, एकच जर्सी

स्पर्धेच्या फ्लेक्ससाठी कबड्डी संघाचे सातही फोटो एआयच्या चित्रसाधनात एकदम टाकले आणि ‘यांना कॉमिकमधले हिरो कर’ असं सांगितलं, की चित्र झोकदार येतं. पण नीट पाहिलं तर दोघांचे चेहरे सारखेच झालेले असतात, सावळा मुलगा गोरा होतो आणि एकाच्या पाठीवर चक्क झूल येते. म्हणून एका वेळी एकच खेळाडू घ्यावा.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो रंग. ‘भगवा’ म्हटलं की पहिल्या चित्रात नारिंगी येतो, दुसऱ्यात विटकरी. रंगाचा कोड दिला की फरक कमी होतो, पण पूर्ण जात नाही, कारण चित्रातला प्रकाश बदलला की जर्सीची छटाही बदलते. यावर मला सगळ्यात खात्रीचा वाटलेला उपाय म्हणजे पहिला खेळाडू मनासारखा होईपर्यंत थांबायचं आणि मग तेच चित्र पुढच्या प्रत्येक फोटोसोबत नमुना म्हणून द्यायचं. सोबतचा प्रॉम्प्ट असा:

```
पहिल्या फोटोतल्या खेळाडूचं कॉमिक शैलीत पूर्णाकृती चित्र काढ.
चेहरा, त्वचेचा रंग, केस, मिशी, बांधा फोटोतलाच ठेव.
कपडे, जाड काळ्या रेषा, सपाट रंग दुसऱ्या चित्राप्रमाणे.
जर्सी #F36F21, चड्डी #1B2A5C. प्रकाश डावीकडून.
पवित्रा: कमरेत वाकलेला, उजवा हात पुढे ताणलेला.
जर्सीवर अक्षरं, आकडे नकोत. मागे कोरा पांढरा रंग.
```

पुढच्या खेळाडूंसाठी बदलते ती फक्त पवित्र्याची ओळ. तिथे नुसतं ‘चढाई’ लिहिलं तर साधन कुस्ती किंवा रग्बी काढून मोकळं होतं. हात, गुडघे, कंबर कुठे आहेत ते सांगावं लागतं. फोटो मात्र समोरून, दिवसाच्या उजेडात काढलेला हवा. टोपीच्या सावलीत डोळे बुडाले असतील तर साधन ते स्वतःच्या मनाने काढतं आणि ओळख तिथेच हरवते. ती टिकली का, हे संघातल्या कुणाला तरी नाव न सांगता चित्र दाखवून तपासावं.

नावं, जर्सीचे क्रमांक आणि मंडळाचं चिन्ह नंतर डीटीपीवाल्याकडून बसवून घ्यावं. साधन देवनागरी जोडाक्षरं आणि आकडे अनेकदा बिघडवतं. सातही आकृत्या एका पानावर आल्या की जर्सीचा उरलासुरला फरक तिथेच दुरुस्त करता येतो.

शेवटी मापाचा प्रश्न. १५३६ पिक्सेल उंचीचं चित्र फ्लेक्सवर तीन फूट केलं तर इंचाला जेमतेम ४३ ठिपके उरतात आणि काळ्या रेषांच्या कडा फाटतात. चित्र आधी दुप्पट मोठं करून घेतलं तर लांबून बघायच्या फ्लेक्सला चालतं. मोबाइलवर झळाळणारा नारिंगी छपाईच्या शाईत मंद होतो, म्हणून पूर्ण फ्लेक्सच्या आधी जर्सीचा फूटभर तुकडा छापून मागावा आणि तो खऱ्या जर्सीशेजारी उन्हात धरून बघावा.